एकच्या अलीकडे, एकच्या पलीकडे

२ डिसेंबर १९४२ चा दिवस. शिकागो विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड मैदानात पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखाली स्क्वॅशचं एक कोर्ट होतं. तिथे ग्राफाइटच्या ठोकळ्यांचा एक प्रचंड ढीग रचलेला होता आणि त्यात ठरावीक अंतरावर युरेनियम बसवलं होतं. एन्रिको फर्मी हातात स्लाइड रूल घेऊन सूचना देत होते. जॉर्ज वाइल त्या सूचनांप्रमाणे ढिगातली कॅडमियमची शेवटची दांडी थोडी थोडी बाहेर ओढत होते. कॅडमियम न्यूट्रॉन गिळतं, त्यामुळे दांडी जितकी बाहेर येईल तितके जास्त न्यूट्रॉन ढिगात उरत. दर खेपेला मोजणीयंत्राची टिकटिक वाढे, कागदावरची रेघ वर चढे आणि काही वेळाने आडवी होई. ती किती उंचीवर आडवी होणार, हे फर्मी आधीच सांगत होते आणि रेघ तिथेच थांबत होती.

ती थांबत का होती, आणि दुपारी एकदा ती थांबलीच नाही, ती का? याचं उत्तर अकरावी-बारावीच्या गणितात भेटणाऱ्या एका लहानशा राशीत आहे: rⁿ. म्हणजे r ही संख्या स्वतःशीच n वेळा गुणायची आणि n वाढवत न्यायचा. पुढे काय होतं ते r वर ठरतं.

युरेनियमचा अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यातले काही ढिगाबाहेर निसटतात, काही ग्राफाइट किंवा कॅडमियम शोषून घेतं, तर काही दुसरा अणू फोडतात. हा सगळा हिशेब करून एका न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत सरासरी किती न्यूट्रॉन उरतात, ती संख्या म्हणजे आपला r. अणुभट्टीवाले तिला k म्हणतात. एका न्यूट्रॉनपासून सुरुवात केली, तर n पिढ्यांनंतर त्याच्या वंशात सरासरी rⁿ न्यूट्रॉन असतात.

आधी r शून्य आणि एकच्या मधला घेऊ. समजा तो ०.९ आहे. मग राशी दर पायरीला लहान होते: ०.९, ०.८१, ०.७२९ आणि अशीच पुढे. ४४ व्या पिढीत ती शतांशाच्याही खाली जाते. पण ती शून्याकडेच जाते हे कशावरून? उतरता उतरता ती ०.००३ वर अडून बसणार नाही कशावरून? इथे एक सुंदर युक्तिवाद आहे. सतत उतरणारी आणि शून्याखाली न जाणारी राशी कुठल्या तरी संख्येकडे सरकतेच. त्या संख्येला L म्हणू. rⁿ जर L पाशी पोचत असेल, तर त्याच्या पुढचं पदही, म्हणजे r गुणिले rⁿ हेसुद्धा, त्याच L पाशी पोचायला हवं. म्हणून L = rL. r एक नसेल, तर हे समीकरण L शून्य असेल तेव्हाच खरं ठरतं. ०.००३ वर अडायला जागाच नाही.

तरीही फर्मींची रेघ शून्यावर उतरत नव्हती, वर आडवी होत होती. कारण युरेनियमचे काही अणू आपणहूनही फुटतात, त्यामुळे ढिगात नवे न्यूट्रॉन सतत येत असतात. समजा दर पिढीला असे १०० नवे न्यूट्रॉन येतात आणि r ०.९ आहे. मग कुठल्याही क्षणी ढिगात आत्ताचे १०० असतात, मागच्या पिढीत आलेल्यांचे ९० वंशज असतात, त्याआधीच्यांचे ८१, आणि असेच मागे मागे. ही भूमिती श्रेढीची बेरीज झाली. जुन्या पिढ्यांचा वाटा rⁿ प्रमाणे विरत जातो, म्हणून ती फुगत राहत नाही. १०० ला (१ − r) ने भागलं की येणाऱ्या संख्येवर, म्हणजे १००० वर, ती स्थिरावते. r ०.९९ केला तर १०,०००, आणि ०.९९९ केला तर १,००,०००. म्हणूनच दांडी थोडी ओढली की रेघ चढून पुन्हा आडवी होई, फक्त अधिक उंचीवर.

यातला खरा फसवा भाग वेळेचा आहे. r ०.९ असताना जुन्या पिढीचा ठसा शतांशावर यायला ४४ पिढ्या लागतात, ०.९९ असताना ४५९, आणि ०.९९९ असताना ४६०३. म्हणजे r एकच्या जितका जवळ, तितकी रेघ आडवी व्हायला जास्त वेळ. घाईने पाहणाऱ्याला r ०.९९९ ची रेघ बराच काळ सरळ चढतानाच दिसेल आणि ‘ही आता थांबत नाही’ असं वाटेल. चढण दिसली एवढ्यावरून r एकच्या पलीकडे गेला असं म्हणता येत नाही. वाट पाहावी लागते. फर्मींच्या हाताशी याहून खात्रीची खूण होती. प्रत्येक पायरीवर रेघ जिथे आडवी होते त्या मोजणीचा व्यस्तांक घ्यायचा. मोजणी १/(१ − r) च्या प्रमाणात वाढत असेल, तर तिचा व्यस्तांक (१ − r) च्या प्रमाणात उतरतो. ते बिंदू आलेखावर मांडले की व्यस्तांक कुठे शून्याला टेकणार, म्हणजे r नेमका केव्हा १ होणार, हे आधीच वाचता येतं. त्यांचे अंदाज अचूक येत होते ते या हिशेबामुळे.

सकाळी एकदा मोठा आवाज होऊन सुरक्षेची दांडी आपोआप ढिगात पडली. तिची मर्यादा फारच खाली लावली गेली होती. फर्मींनी सगळ्यांना जेवायला पाठवलं आणि उरलेलं काम दुपारी सुरू झालं.

r बरोबर १ असेल, तर एकचा कुठलाही घात एकच. गणितात हा प्रकार एका ओळीत संपतो, पण भट्टीत तो वेगळा दिसतो. जुनी पिढी विरत नाही आणि दर पिढीला नवे १०० येतच राहतात, त्यामुळे रेघ न थांबता एकाच चढाने वर जाते. r एकच्या जराही पुढे गेला, तर चढच वाढत जातो. ओळखायची खूण अशी: मोजणी दुप्पट व्हायला दर वेळी तितकाच वेळ लागू लागतो. दुपारी साडेतीनच्या सुमारास रेघ थांबली नाही, तेव्हा फर्मींनी स्लाइड रूलवर हेच ताडून पाहिलं. माणसाच्या हातून चाललेली ती पहिली स्वयंपोषी शृंखला अभिक्रिया होती. ढिगातला r त्या दिवशी १.०००६ पर्यंत नेला होता.

१.०००६ ही संख्या एकहून वेगळी आहे हे डोळ्यांना पटत नाही. तिचे घात अमर्याद वाढतात हे सिद्ध करायला याकोब बर्नुली यांच्या नावाने ओळखली जाणारी असमानता पुरते. r = १ + h असेल आणि h धन असेल, तर rⁿ निदान १ + nh इतका तरी असतोच, कारण प्रत्येक गुणाकार मूळच्या एकवर किमान h ची भर घालतो. h कितीही बारीक असो, n पुरेसा मोठा घेतला की nh हवी ती मर्यादा ओलांडतो. पण ही असमानता फारच सावध आहे. १.०००६ चा घात दहा लाखांवर जायला तिच्या हिशेबाने सुमारे १६७ कोटी पिढ्यांची हमी लागेल. प्रत्यक्षात दुप्पट व्हायला सुमारे ११५५ पिढ्या पुरतात आणि दहा लाखपट व्हायला सुमारे २३,०३३. उलट बाजूला ०.९९९४ घेतला, तर तोही जवळपास तितक्याच, ११५५ पिढ्यांत निम्म्यावर येतो.

आता पिढीला किती वेळ लागतो हे बघायला हवं, कारण rⁿ ला घड्याळ माहीत नसतं, त्याला फक्त पिढ्या मोजता येतात. ग्राफाइटच्या ढिगात न्यूट्रॉनची एक पिढी साधारण एक सहस्रांश सेकंदाची. म्हणजे ११५५ पिढ्या सव्वा सेकंदाच्या आतच झाल्या असत्या आणि दांडी हाताने सरकवणाऱ्या माणसाला काही करायला वेळच मिळाला नसता. पण फर्मींच्या ढिगात दुप्पट व्हायला सुमारे दोन मिनिटं लागत होती. याचं कारण असं की युरेनियम-२३५ मध्ये साधारण ०.६५ टक्के न्यूट्रॉन अणू फुटता क्षणीच बाहेर पडत नाहीत; ते फुटलेल्या तुकड्यांतून काही सेकंदांनी येतात. एवढ्याशा उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनमुळे पिढीची सरासरी लांबी सेकंदाच्या दशांशाच्या आसपास जाते. मात्र r सुमारे १.००६५ च्या पुढे गेला, तर या उशिरा येणाऱ्यांची वाट पाहण्याची गरजच उरत नाही आणि वाढ पुन्हा सहस्रांश सेकंदांच्या हिशेबाने चालते. भट्टी चालवणाऱ्याला काम करता येतं ते १ आणि १.००६५ यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीत. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, तिच्यासमोरही हीच पट्टी होती.

न्यूट्रॉनची संख्या ऋण होत नाही, त्यामुळे ऋण r साठी दुसरीकडे पाहावं लागतं. कांद्याचा भाव हे त्याचं आपल्याकडचं उदाहरण. या हंगामात लासलगावच्या लिलावात भाव चढला, की पुढच्या हंगामासाठी लागवड वाढते. आवक वाढली, की भाव पडतो. पडला, की लागवड घटते. १९३४ साली निकोलस काल्डोर यांनी या वागणुकीला कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या तिच्या आकृतीवरून नाव दिलं आणि १९३८ मध्ये मॉर्डेकाय इझिकिएल यांनी तिची सविस्तर मांडणी केली.

हिशेबासाठी समजा की मागणी-पुरवठा जुळवणारा भाव क्विंटलला १५०० रुपये आहे. भाव एक रुपया चढला की पुढच्या हंगामात ८ क्विंटल जास्त येतो, आणि १० क्विंटल जास्त आला की भाव एक रुपया उतरतो. मग १५०० पासूनचं अंतर दर हंगामाला −०.८ ने गुणलं जातं. भाव २००० वरून सुरू झाला, तर पुढे ११००, १८२०, १२४४ असे हेलकावे खात तो १५०० कडे येतो. चिन्ह दर वेळी पालटतं, पण आकार ०.८ च्या घातांप्रमाणेच आटतो.

शेतकऱ्याची प्रतिक्रिया १० क्विंटलची झाली, तर r −१ होतो आणि भाव २०००, १०००, २०००, १००० असा कायम हेलपाटत राहतो. सम हंगामांपुरतं पाहिलं तर २००० वर, विषम हंगामांपुरतं पाहिलं तर १००० वर तो स्थिर दिसेल. एकत्र पाहिलं तर तो कुठेच पोचत नाही. अशा बाजाराची सरासरी १५०० निघते, पण त्या भावाने एकाही हंगामात विक्री झालेली नसते.

प्रतिक्रिया १२ क्विंटलची झाली, तर r −१.२. अंतर ५०० वरून −६००, ७२०, −८६४ असं दोन्ही बाजूंना फुगत जातं आणि सातव्या पालटीला ते सुमारे −१७९२ होतं. म्हणजे भाव शून्याच्याही खाली २९२ रुपये. असा भाव कुठल्याच लिलावात निघत नाही. त्याच्या कितीतरी आधी काढणी आणि वाहतुकीचा खर्चही सुटेनासा होतो आणि कांदा शेतातच राहतो. उन्हाळ कांदा असेल तर चाळीत थांबवून ठेवला जातो. एक रुपयाला १२ क्विंटल हे प्रमाण तिथे टिकत नाही; r बदलतो आणि तिथून पुढे साध्या rⁿ ने भाव सांगता येत नाही.