कुणीच न बोललेली वाक्यं

फोनवर माइकचं बटण दाबायचं आणि बोलायच्या आधी कागद शोधत नुसतं गुणगुणत बसायचं. पडद्यावर काहीच उमटणार नाही, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तिथे व्याकरणशुद्ध इंग्रजी वाक्य येऊ शकतं: ‘थँक्स फॉर वॉचिंग’. कधी येतात ‘थँक यू’ एवढेच दोन शब्द, तर कधी उपशीर्षकं कुणी केली त्याची श्रेयओळ.

हे वाक्य येतं कुठून, हे समजायला ‘व्हिस्पर’चं उदाहरण सोयीचं आहे. आवाजाचं लिखाण करणारी ही प्रणाली ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिला इंटरनेटवरचा सुमारे ६ लाख ८० हजार तासांचा आवाज आणि त्यासोबतचा मजकूर देऊन शिकवलं होतं. असा मजकूर म्हणजे बऱ्याचदा व्हिडिओखालची उपशीर्षकं. व्हिडिओच्या शेवटी बोलणं थांबतं, नुसतं संगीत वाजतं किंवा काहीच वाजत नाही, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी खाली आभार किंवा श्रेय लिहून ठेवलेलं असतं. शांतता आली की आभार मानायचे, असा धडा यंत्राने घेतला तर त्यात नवल नाही.

त्यात रचनेची भर पडते. व्हिस्पर आवाज ३० सेकंदांच्या तुकड्यांत घेतं. तुमचं बोलणं चार सेकंदांचं असेल, तर उरलेली जागा शून्य आवाजाने भरली जाते. मग लिहिणारा भाग एकेक शब्दखंड जोडत जातो. आतापर्यंत काय लिहिलं आणि पुढे काय शोभेल, यावरही त्याची भिस्त असते. आवाजातून धागा मिळाला नाही की हा दुसरा अंदाजच गाडी हाकतो. म्हणूनच चूक अडखळत येत नाही, अस्खलित येते.

निर्मात्यांनी यावर चाळणी ठेवली आहे. प्रत्येक तुकड्यासाठी ‘इथे बोलणं नाही’ याची शक्यता काढली जाते आणि ती ०.६च्या वर गेली की तुकडा वगळायचा. पण या नियमाला एक पळवाट आहे. लिहिलेल्या शब्दांबद्दल यंत्राला पुरेशी खात्री असेल, म्हणजे खात्रीचा सरासरी आकडा उणे १च्या वर असेल, तर तुकडा ठेवला जातो. समजा, आपल्या गुणगुणण्याला बोलणं नसल्याची शक्यता ०.७ मिळाली, तुकडा जायला हवा. पण ‘थँक्स फॉर वॉचिंग’ हे शब्द यंत्राला इतके तोंडपाठ की खात्रीचा आकडा आला उणे ०.४. वाक्य राहिलं. घोकलेलं वाक्य असल्यामुळेच ते सुटलं, ही यातली खरी गंमत.

मग आवाज आहे की नाही हे आधीच तपासणारा स्वतंत्र पहारेकरी बसवावा, तर शांततेपुरता तो कामाचा. पंख्याची घरघरही तो बहुधा अडवतो. गुणगुणणं मात्र त्याला चकवतं. तो कंठातूनच निघालेला आवाज असतो, त्याला सूर असतो, आणि पहारेकऱ्याच्या लेखी ते बोलण्याच्या फार जवळचं असतं.

म्हणून उरतो मजकूर तपासण्याचा मार्ग. विरामचिन्हं आणि कडेची मोकळी जागा काढून, लहान-मोठी अक्षरं एकसारखी करून आलेला मजकूर नेहमीच्या ठरावीक वाक्यांशी ताडून पाहायचा. संपूर्ण मजकूर तेवढाच असेल, तर तो कोरा धरायचा. ‘संपूर्ण’ या शब्दावर माझा भर आहे. लांबलचक निरोपाच्या शेवटी आलेले आभार खरे असू शकतात. कोरा धरायचा म्हणजे निरोप पुढे पाठवायचा नाही, बैठकीचा गोषवारा करणाऱ्या कार्यक्रमाकडे द्यायचा नाही, फक्त ‘काही ऐकू आलं नाही’ असं दाखवायचं. मूळ ध्वनिमुद्रण मात्र पुसू नये. नाहीतर न झालेल्या बैठकीचं इतिवृत्त तयार होईल आणि त्यात प्रेक्षकांचे आभारही असतील!

अडचण आहे ती खरोखर ‘थँक यू’ एवढंच म्हणणाऱ्याची. त्याचा निरोप गिळून चालणार नाही. इथे कालावधी मदतीला येतो. दोन शब्द म्हणायला जेमतेम सेकंद लागतो. तेवढ्याच छोट्या तुकड्यात स्पष्ट आवाज असेल, तर शब्द ठेवावेत. वीस सेकंदांच्या गुणगुणण्यातून तेच दोन शब्द आले असतील, तर ते कोरे. नुसत्या यादीवर विसंबणारा कार्यक्रम मला तरी अर्धवट वाटतो.

बोलण्याच्या मधल्या शांततेपुढे मात्र ही यादी हतबल आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४मध्ये व्हिस्परची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्या ध्वनिफितींत वाचाघात झालेल्यांचं बोलणंही होतं. सुमारे १ टक्का तुकड्यांत कुणीच न उच्चारलेली वाक्यं सापडली, आणि बोलण्यातल्या विरामांचा वाटा जास्त असलेल्यांच्या वाट्याला ती अधिक आली. अशी वाक्यं दोन खऱ्या वाक्यांच्या मध्ये बसतात, ठरावीकही नसतात. काहींत तर हिंसाचाराचं वर्णन होतं. तिथे सगळा मजकूर कोरा धरता येत नाही. प्रत्येक वाक्याची वेळ घेऊन त्या क्षणी ध्वनिफितीत खरंच बोलणं होतं का, हे माणसाने ऐकूनच ठरवावं लागतं.