स्क्रीनशॉट घेताना संगणक हँग का होतो?

प्रिंट स्क्रीनची कळ दाबली की काही संगणक पाच-सात सेकंद हँग होतात. माउसचा बाण जागचा हलत नाही, चालू गाणे अडकते आणि मग सगळे एकदम पूर्ववत होते. तयार झालेली फाइल असते जेमतेम एक-दोन एमबीची, त्यामुळे संशय मेमरीवर सहसा जात नाही. पण ती फाइल म्हणजे दाबून लहान केलेले चित्र. मेमरीत चित्र उतरते ते पूर्ण आकाराचे.

४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला बहुधा चार बाइट लागतात, म्हणून एक चित्र ३३ एमबी जागा घेते. साध्या फुल एचडी पडद्याचे चित्र याच्या चौथ्या हिश्शात मावते. शिवाय एका प्रतीवर भागत नाही. एक क्लिपबोर्डसाठी, एक कापाकापीच्या खिडकीसाठी, एक पीएनजी फाइल बनवताना, असे करत शंभर-सव्वाशे एमबी सहज लागतात.

आता चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप घ्या. त्याला ४के मॉनिटर जोडला आहे आणि ब्राउझरमध्ये वीसेक टॅब उघडे आहेत. रॅम आधीच भरलेली, त्यात ग्राफिक्सचा वाटाही तिच्यातूनच जातो. विंडोज मग इतर प्रोग्रॅमची वापरात नसलेली पाने डिस्कवरच्या `pagefile.sys` या फाइलीत हलवते. हलवण्यापेक्षा परत आणणे जास्त महागात पडते. एक पान चार केबीचे असते आणि हार्ड डिस्क विखुरलेली पाने सेकंदाला फार तर शंभरेक वाचते. अशी पाचशे पाने, म्हणजे अवघे दोन एमबी, परत आणायला पाच सेकंद गेले. एसएसडीवर हाच खोळंबा बहुधा जाणवतही नाही.

खात्री करायची तर `Ctrl+Shift+Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि मग स्क्रीनशॉट घ्यावा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि त्याच क्षणी डिस्क १०० टक्क्यांवर दिसली, तर निदान बहुतेक पक्के. लगेच घेतलेला दुसरा स्क्रीनशॉट झटक्यात निघाला, तर तेही याच कारणाकडे बोट दाखवते, कारण लागणारी पाने आता रॅममध्येच असतात. मेमरी निम्मी मोकळी असूनही संगणक अडकत असेल, तर मात्र दोष ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये किंवा क्लिपबोर्डवर नजर ठेवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये शोधावा.

तात्पुरता इलाज म्हणजे टॅब बंद करणे. `Alt+PrtScn` ने फक्त समोरची खिडकी टिपली जाते, त्यामुळे ती लहान असेल तर चित्रही लहान होते. नुसत्या `PrtScn` ने, जोडलेले असतील तितक्या सगळ्या पडद्यांचे मिळून एकच चित्र बनते, हे दोन मॉनिटर वापरणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. कायमचा उपाय रॅम आठ जीबी करणे हा. लॅपटॉपमध्ये रॅम बदलता येत नसेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी.