‘पेपर्स क्लिअर आहेत मॅडम, टेन्शन नका घेऊ’

पुण्यात जुन्या इमारतीतला फ्लॅट शोधायला निघालेल्या कुणाचाही फोन उघडून पाहा. एजंटाचा असा एक मेसेज त्यात हमखास सापडेल:

“गुड नाइट मॅडम. कोथरूडवाल्याचे पेपर्स सगळे क्लिअर आहेत, फक्त सोसायटीचं एक बाकी आहे, ते होऊन जाईल. ओनरचं थोडं लोन आहे पण टेन्शन नाही, सगळे करतात. उद्या सकाळी या ना बघायला. दुसरी पार्टी पण इंटरेस्टेड आहे, लवकर सांगा.”

हा मेसेज लिहिणारा एजंट लबाड असेलच असं नाही. दिवसभर दहा फ्लॅट दाखवून तो घरी आलेला असतो आणि जेवून झाल्यावर एका हाताने टाइप करत असतो. फोनवर बोलताना हीच वाक्यं चालून जातात, कारण समोरचा माणूस लगेच “म्हणजे काय?” असं विचारू शकतो. मेसेज मात्र पुढे फिरतो. मॅडम तो नाशिकच्या भावाला पाठवतात, भाऊ त्याच्या ओळखीच्या वकिलाला पाठवतो आणि कर्ज देणाऱ्या बँकेतला माणूसही तो वाचतो. यांतल्या कुणाशीही एजंटाचं बोलणं झालेलं नसतं.

म्हणून आता बरेच एजंट असे मेसेज नीट लिहून घ्यायला लागले आहेत. काही जण ऑफिसातल्या मुलीकडून लिहून घेतात, काही स्वतः सकाळी शांतपणे लिहितात. त्यात पहिली चूक होते ती भाषा ‘सुधारण्याची’. वरच्या मेसेजमधलं “पेपर्स क्लिअर आहेत” हे वाक्य सुधारून कुणी “सदर मालमत्तेचे शीर्षक निर्वेध व विक्रीयोग्य आहे” असं लिहिलं, तर वाक्य भारदस्त होतं, पण एजंट फसतो. ‘क्लिअर’ म्हणजे त्याच्या मनात एवढंच होतं, की मालकाने दाखवलेल्या फायलीत त्याला काही वावगं दिसलं नाही. नवं वाक्य मात्र मालकी हक्काबद्दलचं कायदेशीर विधान आहे. ते करण्याआधी वकील नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदी, बऱ्याचदा तीस वर्षांच्या, शोधून सर्च रिपोर्ट तयार करतो. एजंटाने ते काम केलेलं नाही आणि ते त्याचं कामही नाही.

तेव्हा मेसेज पुन्हा लिहायचा म्हणजे आधी त्यातल्या प्रत्येक शब्दाला प्रश्न विचारायचा. ‘सगळे’ म्हणजे कोणते? त्यांतले हातात किती आणि नुसते ऐकलेले किती? ‘सोसायटीचं एक’ म्हणजे काय? ‘होऊन जाईल’ ते कोण करणार आणि कधी? वरच्या मेसेजपुरती याची उत्तरं काढून पाहू. इमारत २००८ ची आहे. पहिल्या मालकाने बिल्डरकडून फ्लॅट घेतला आणि २०१४ मध्ये तो आत्ताच्या मालकांना विकला, असं धरू.

एजंट फाइल उघडतो. दोन्ही करारनाम्यांच्या प्रती आहेत. २०१४ ची इंडेक्स टू आहे. दस्त नोंदवल्यावर नोंदणी कार्यालयातून मिळणारा हा एका पानाचा उतारा असतो. कोणी, कोणाला, काय, कितीला आणि कधी दिलं ते त्यावरून कळतं. २००८ ची इंडेक्स टू मात्र फाइलमध्ये नाही. यंदाची मिळकतकराची पावती आहे. भोगवटा पत्र नाही. ते सोसायटीच्या दप्तरात असेल असं मालक म्हणतात.

मग सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन जातो आणि ‘सोसायटीचं एक’ काय ते कळतं. शेअर सर्टिफिकेट अजून पहिल्या मालकाच्या नावावर आहे. आत्ताच्या मालकांनी बारा वर्षांत ते स्वतःच्या नावावर करूनच घेतलेलं नाही. ही फार दुर्मीळ गोष्ट नाही. लोक करारनामा नोंदवतात, राहायला येतात, मेंटेनन्स भरतात आणि हस्तांतराचा अर्ज तेवढा राहून जातो. पण त्याचा परिणाम पुढच्या खरेदीवर होतो. मॅडमना कर्ज देणारी बँक सोसायटीचं ना हरकत पत्र मागणार, आणि जो माणूस सोसायटीच्या दप्तरी सभासदच नाही, त्याच्या विक्रीसाठी ते पत्र द्यायला समिती तयार नसते. आधी आत्ताच्या मालकांचं नाव लागलं पाहिजे, मग विक्री. ‘होऊन जाईल’ या शब्दांखाली काही आठवड्यांचं काम दडलेलं होतं.

लोनचंही तसंच. ‘सगळे करतात’ हे खरं आहे. विक्रेत्याचं कर्ज चालू असताना फ्लॅट विकता येतो. खरेदीदाराची बँक बहुधा आधी विक्रेत्याच्या बँकेचं देणं फेडते आणि मग मूळ कागद मोकळे होतात. पण त्यासाठी विक्रेत्याच्या बँकेने बाकी रकमेचं पत्र द्यावं लागतं. ते मागितलंय का, एवढाच खरा प्रश्न आहे. ‘थोडं’ हा शब्द एजंटाने वापरूच नये, कारण किती ते बँकेचं पत्र सांगेल.

हे सगळं कळल्यावर मेसेज लिहायला फार कसब लागत नाही. तो दोन भागांत करायचा, एक कागदांचा आणि एक भेटीचा. भेटीचा मेसेज शनिवारी संपतो. कागदांचा मेसेज वकील, बँक आणि भाऊ असा महिनाभर फिरतो. पहिला असा होईल:

“नमस्कार मॅडम. कोथरूड येथील २ बीएचके फ्लॅट. कागदपत्रांची बुधवार, ११ मार्चची स्थिती:

हाती आलेली (प्रती सोबत): २००८ आणि २०१४ चे नोंदणीकृत करारनामे, २०१४ ची इंडेक्स टू, चालू वर्षाची मिळकतकराची पावती.

मिळवायची: २००८ ची इंडेक्स टू मी शुक्रवार, १३ मार्चपर्यंत काढून देतो. भोगवटा पत्राची प्रत सेक्रेटरींकडे मागितली आहे. रविवारी दप्तर पाहून सांगतो म्हणाले आहेत.

लक्षात घ्यावे: शेअर सर्टिफिकेट अद्याप पहिल्या मालकांच्या नावावर आहे. आताचे मालक हस्तांतराचा अर्ज या आठवड्यात देणार आहेत. समितीची पुढील बैठक २२ मार्चला आहे. नाव लागेपर्यंत बँकेसाठी सोसायटीचे ना हरकत पत्र मिळणे कठीण आहे.

मालकांचे गृहकर्ज चालू असून मूळ कागद त्यांच्या बँकेकडे आहेत. बाकी रकमेचे पत्र त्यांनी मागितले आहे. तारीख अजून मिळालेली नाही.

मी कागद जमवून देतो. मालकी हक्काची तपासणी आपल्या वकिलांकडून करून घ्यावी. पुढची स्थिती सोमवार, १६ मार्चला संध्याकाळी कळवतो.”

यात ‘क्लिअर’ हा शब्द कुठेही नाही. जिथे तारीख ठाऊक नाही तिथे ती नाही असंच लिहिलंय. सफाईदार मेसेज लिहिणाऱ्याला रिकामी जागा बघवत नाही आणि तो ‘लवकरच’ असं भरून टाकतो. तसं केलं की मूळचं ‘होऊन जाईल’ पुन्हा नव्या कपड्यांत परत येतं. जे दुसऱ्याच्या हातात आहे, ते कोण म्हणालं तेही मेसेजमध्ये आहे. रविवारी दप्तर बघणार आहेत ते सेक्रेटरी. ते विसरले तर एजंट खोटा पडत नाही.

प्रती पाठवताना एक काळजी घ्यावी लागते. नोंदणीकृत करारनाम्याच्या शेवटच्या पानांवर बहुतेक वेळा दोन्ही पक्षांच्या ओळखपत्रांच्या प्रती, फोटो आणि अंगठ्याचे ठसे असतात. पहिल्या चौकशीच्या टप्प्यावर ती पानं वगळून पाठवावीत. फाइलला नावही द्यावं. `IMG-WA0012.jpg` या नावाची सात चित्रं आली, तर त्यांत २००८ चा करार कोणता हे वकिलाला एकेक उघडून पाहावं लागतं.

आता भेट. मूळ मेसेज मंगळवारी रात्री सव्वाबारानंतर गेला असेल, तर ‘उद्या सकाळी’ म्हणजे बुधवार की गुरुवार? आणि ‘या ना’ म्हणजे कुठे? पहिल्या भेटीआधी फ्लॅटचा नंबर न देण्याकडे एजंटांचा कल असतो, कारण खरेदीदार परस्पर मालकाला गाठेल अशी धास्ती असते. ती पाळूनही मेसेज पुरा करता येतो:

“फ्लॅट पाहण्याची वेळ: शनिवार, १४ मार्च, सकाळी ११ ते ११.३०. सोसायटीच्या मुख्य फाटकाशी भेटू. ठिकाण सोबत पाठवले आहे. मी १०.५० पासून तिथे असेन. फ्लॅटमध्ये भाडेकरू राहतात, त्यांनी ही वेळ दिली आहे, मालक नसतील. पार्किंगची जागाही पाहता येईल. किती जण येणार आणि गाडीचा नंबर फाटकावरच्या नोंदीसाठी शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत कळवावा. वेळ बदलायची असल्यास तेव्हाच सांगावे, म्हणजे भाडेकरूंना कळवता येईल.”

हे लिहिताना फ्लॅटमध्ये मालक नाही, भाडेकरू राहतो हेही बाहेर आलं. पहिल्या मेसेजवरून मॅडम मालकाला भावाचे चार प्रश्न विचारायच्या तयारीने गेल्या असत्या आणि दार उघडलं असतं ते रात्रपाळी करून आलेल्या भाडेकरूने.

राहिली ‘दुसरी पार्टी’. ती खरी असेल तर तिच्या भेटीची तारीख असते. “आणखी एका कुटुंबाने रविवारची वेळ घेतली आहे” एवढं लिहिलं तरी पुरतं. तारीख नसेल तर ती ओळ गाळावी. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १० मध्ये एजंटांच्या अनुचित व्यापारी प्रथांत दिशाभूल करणारी विधानं येतात, मग ती तोंडी असोत की लेखी. जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीचा प्रत्येक व्यवहार त्या कायद्यात बसेलच असं नाही. पण एजंट उद्या नव्या प्रकल्पातला फ्लॅट याच फोनवरून, याच सवयीने दाखवणार आहे. तिथे मेसेजमध्ये प्रकल्पाचा पी अक्षराने सुरू होणारा आणि स्वतःचा ए अक्षराने सुरू होणारा महारेरा क्रमांक दिला, की खरेदीदार दोन्ही संकेतस्थळावर पडताळू शकतो.

एजंटाला यात एक भीती असते, आणि ती खोटी नाही: शेअर सर्टिफिकेटचं वाचून मॅडम पळाल्या तर? पळतीलही. पण ही गोष्ट त्यांच्या बँकेला कळणारच आहे. फक्त तोपर्यंत टोकन दिलेलं असेल आणि भांडण पैसे परत देण्यावरून होईल. आज कळलं तर त्या २२ मार्चच्या बैठकीपर्यंत टोकन थांबवतील आणि फ्लॅट पाहायला शनिवारी येतील.

सोमवारचा मेसेज मग सगळा नव्याने लिहावा लागत नाही. जुनाच उचलायचा, तारीख बदलायची आणि हलल्या तेवढ्या ओळी वर आणायच्या: “२००८ ची इंडेक्स टू सोबत. हस्तांतराचा अर्ज शनिवारी दिला, पोच सोबत. भोगवटा पत्र दप्तरात सापडले नाही. महापालिकेकडून प्रत काढावी लागेल.” तिसरी ओळ आनंदाची नाही. पण ती वाचून मॅडम बाकीच्या दोन ओळींवर विश्वास ठेवतात.