नऊ चाचण्यांत सगळ्या जोड्या

एखादे संकेतस्थळ तीन ब्राउझरवर, तीन ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि तीन भाषांत नीट चालते की नाही हे पाहायचे, तर ३ × ३ × ३ म्हणजे २७ मांडण्या तपासाव्या लागतात. त्यात अक्षरांचा आकार १००, १५० की २०० टक्के हा चौथा घटक आला की आकडा ८१ वर जातो. दर आवृत्तीच्या वेळी एवढ्या चाचण्या हाताने करणे कुणालाच परवडत नाही, आणि मग चाचणी करणारे अंदाजाने चारपाच मांडण्या उचलतात. जोडीवार चाचणी ही निवड अंदाजावर सोडत नाही.

तिचा नियम एकच. कोणत्याही दोन घटकांचे कोणतेही दोन पर्याय घेतले, तरी ते निदान एका चाचणीत एकत्र आलेले असले पाहिजेत. एक चाचणी एकाच वेळी अनेक जोड्या उरकत असल्याने संख्या झपाट्याने घटते. वरच्या तीन घटकांसाठी ही मांडणी पुरते:

| | क्रोम | फायरफॉक्स | एज |
|---|---|---|---|
| विंडोज | मराठी | इंग्रजी | अरबी |
| मॅकओएस | इंग्रजी | अरबी | मराठी |
| लिनक्स | अरबी | मराठी | इंग्रजी |

प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रकान्यात तिन्ही भाषा एकेकदाच येतात. गणितात अशा चौकटीला लॅटिन चौरस म्हणतात. नऊपेक्षा कमी चाचण्या चालणार नाहीत, कारण नुसत्या ब्राउझर आणि सिस्टिमच्याच जोड्या नऊ आहेत. गंमत अशी की अक्षरांच्या आकाराचा चौथा घटकही याच नऊ खणांत बसवता येतो. तेव्हा ८१ ऐवजीसुद्धा नऊच.

यामागचा आधार दोषांच्या नोंदींचा आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेतील रिचर्ड कुन आणि सहकाऱ्यांनी २००४ च्या निबंधात वेगवेगळ्या प्रकारच्या सॉफ्टवेअरमधील दोष किती घटक जुळल्यावर उघड होतात हे मांडले. वैद्यकीय उपकरणांत सुमारे ९७ टक्के दोष एका किंवा दोन घटकांमुळे दिसत होते. ब्राउझरमध्ये हे प्रमाण ७६ टक्के आणि सर्व्हरमध्ये ७० टक्के होते. म्हणजे ‘बहुतेक दोष सापडतात’ हे खरे, पण ते बहुतेक किती हे त्या त्या सॉफ्टवेअरवर ठरते.

आता समजा, नऊपैकी एकच चाचणी फसली: लिनक्स, फायरफॉक्स, मराठी. पडद्यावर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसतात. लिनक्सच्या, फायरफॉक्सच्या आणि मराठीच्या इतर चाचण्या पार पडल्या आहेत, म्हणून एकटा कुठलाच घटक दोषी नाही. मात्र या चाचणीतील तिन्ही जोड्या तक्त्यात दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यामुळे नेमकी कोणती बिघडली हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी एकेक घटक बदलून पाहायचा. फायरफॉक्सच्या जागी क्रोम घेतला, तरी चौकटी तशाच. लिनक्सच्या जागी विंडोज घेतले, चौकटी गेल्या. मराठीच्या जागी इंग्रजी घेतली, तेव्हाही गेल्या. दोष लिनक्स आणि मराठी या जोडीचा ठरतो: त्या यंत्रावर देवनागरी फाँट नाही आणि संकेतस्थळ स्वतःचा फाँट पाठवत नाही. विंडोज आणि मॅकओएससोबत देवनागरी फाँट येतोच, म्हणून तिथे हे कधी लक्षातच येत नाही.

खरी गोची होते ती अशक्य जोड्यांची. सफारी ब्राउझर या तीन सिस्टिमपैकी फक्त मॅकओएसवर चालतो. हे न सांगता साधनाने यादी केली, की तीत विंडोज, सफारी, अरबी अशी चाचणी येऊ शकते. चालत नाही म्हणून ती नुसती खोडली, तर सफारी आणि अरबी ही खरीखुरी जोडीही तिच्याबरोबर निसटते. म्हणून अट आधीच लिहावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या पिक्ट या मोफत साधनात ती अशी:

```
OS: Windows, macOS, Linux
Browser: Chrome, Firefox, Edge, Safari
Language: Marathi, English, Arabic

IF [Browser] = "Safari" THEN [OS] = "macOS";
```

शक्य मांडण्या आता ३० आहेत आणि १२ चाचण्यांत सगळ्या शक्य जोड्या येतात: आधीच्या नऊ, शिवाय मॅकओएसवरील सफारीच्या तीन भाषांच्या तीन.

तीन गोष्टी जुळल्यावरच उघडणारा दोष मात्र हाती लागेलच असे नाही. नऊच्या तक्त्यात २७ पैकी नऊच तिकड्या येतात. लिनक्स, क्रोम, मराठी ही त्यांत नाही. पैशांच्या व्यवहारासारख्या नाजूक भागासाठी म्हणून तिकड्यांची यादी काढतात. पिक्टला `/o:3` सांगितले की ती मिळते. बहुसंख्य वापरकर्त्यांची मांडणी आणि जोडी यांचा तर काही संबंधच नसतो, ती यादीत आपण होऊन घालावी लागते. आणि चाचणी करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल, तर रिकाम्या चौकटी त्याला दिसतील, पण बटणाच्या कडेला कापली गेलेली वेलांटी दिसणार नाही.