पाळीच्या मधल्या दिवसांत ओटीपोटात एकाच बाजूला दुखतंय? सोनोग्राफी कधी लागते, कधी नाही

नांदे (ता. मुळशी) : पाळी संपून आठवडा-दीड आठवडा झालेला असतो. अचानक ओटीपोटात डाव्या किंवा उजव्या बाजूला टोचल्यासारखं दुखायला लागतं. कधी तासाभरात थांबतं, कधी दिवसभर रेंगाळतं. घरातलं कोणी म्हणतं गॅस झाला, कोणी म्हणतं अपेंडिक्स, आणि शेजारची बाई म्हणते गाठ असेल, लगेच फोटो काढून घे. यातलं काहीच नसण्याची शक्यता बरीच असते. पण तारीख न बघता असं कुणालाच सांगता येत नाही.

महिन्यातून एकदा बीजकोषातून बीज बाहेर पडतं. त्याआधी बीजकोषात पाण्याने भरलेली छोटी पिशवी वाढते, तिला डॉक्टर फॉलिकल म्हणतात. ती साधारण २ सेंटिमीटरची, म्हणजे मोठ्या द्राक्षाएवढी झाली की फुटते आणि बीज सुटतं. त्यासोबत थोडं पाणी आणि कधी थोडं रक्तही पोटात सांडतं. पोटाच्या आतल्या पातळ आवरणाला ते झोंबतं आणि दुखतं. बीजकोष दोन असले तरी बहुतेक महिन्यांत बीज एकाच बाजूने सुटतं, म्हणून दुखणंही एकाच बाजूला. एका महिन्यात उजवीकडे, पुढच्या महिन्यात डावीकडे असंही होतं. पण पाळीपाळीने बाजू बदललीच पाहिजे असा काही नियम नाही.

खरी गोम तारखेत आहे. चौदाव्या दिवशी बीज सुटतं असं बऱ्याच जणींनी ऐकलेलं असतं आणि त्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढे चौदा मोजतात. ज्यांची पाळी २८ दिवसांनी येते त्यांचंच हे गणित जमतं. बाकीच्यांनी उलटं मोजायचं, कारण बीज सुटल्यावर पुढची पाळी साधारण १४ दिवसांनी येते.

समजा, नांद्यातल्या एका बाईची पाळी ३ जूनला आली आणि तिची पाळी दर २८ दिवसांनी येते. पुढची पाळी १ जुलैला. तिथून १४ दिवस मागे गेलं की १७ जून येतो. तिला १६ किंवा १७ तारखेला उजवीकडे दुखलं आणि दुसऱ्या दिवशी थांबलं, तर हिशोब बसतो. तिच्या जावेची पाळीही ३ जूनलाच आली, पण तिला ३४ दिवसांनी येते. तिची पुढची पाळी ७ जुलैला, म्हणजे बीज २३ जूनच्या आसपास सुटणार. जावेला १७ जूनला दुखलं तर ते बीज सुटण्याचं दुखणं म्हणून सोडून देता येणार नाही. एक-दोन दिवस इकडेतिकडे चालतं, आठवडाभराचा फरक नाही. दोन-तीन महिने कॅलेंडरवर पाळीची आणि दुखण्याची तारीख आणि बाजू लिहून ठेवली तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.

इथे गावाकडे एक शंका हमखास निघते. "माझं तर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, मग बीज कसलं?" त्या ऑपरेशनमध्ये फक्त नळ्या बंद करतात, बीजकोष तसेच राहतात. बीज दर महिन्याला सुटतं आणि दुखूही शकतं. तांबीवरही बहुधा तसंच. उलट गर्भनिरोधक गोळ्या नियमित चालू असतील किंवा अंतरा इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असेल तर बीज सुटणं थांबलेलं असतं. अशा बाईला दुखलं तर कारण दुसरं शोधावं लागतं. गर्भपिशवी काढूनही हे दुखणं थांबत नाही, बीजकोष राहिले तर ते आपलं काम करतच राहतात. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समितीही नेमली होती. पोटात दुखतंय एवढ्यावर कोणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नये.

मग सोनोग्राफी कधी? हिशोब बसतो, दुखणं सोसण्यासारखं आहे, दोन दिवसांत थांबतं आणि आधीही असंच झालेलं आहे, तर गरज नाही. गरम पाण्याची पिशवी आणि लागलीच तर जेवणानंतर पॅरासिटामॉलची ५०० ची एक गोळी पुरते. पण तारीख जुळत नसेल, दोन-तीन दिवसांनंतरही दुखत असेल, दर महिन्याला वाढत चाललं असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल किंवा मधेच रक्तस्राव होत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करावी. ताप किंवा घाण वासाचा पांढरा स्राव असेल तर त्याच दिवशी दाखवावं.

काही दुखणी मात्र थांबू देत नाहीत. बीजकोषावर गाठ असली, विशेषतः ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, तर बीजकोष देठावर पीळ खाऊ शकतो. एकदम असह्य कळ येते, सोबत उलट्या होतात. रक्तपुरवठा तुटतो, आणि तासांचा उशीरही बीजकोष गमावायला पुरेसा असतो. पाळी चुकलेली असेल आणि एका बाजूला दुखत असेल, तर गर्भ नळीत राहिला असण्याचा धोका असतो. चक्कर, खांद्यात दुखणं, थोडं लाल-काळं डाग लागणं ही त्याची लक्षणं. नसबंदी झालेल्या बाईलाही हे क्वचित होतं. आशाताईंकडे लघवीच्या तपासणीचं निश्चय किट मिळतं, ते आधी करून घ्यावं, पण चक्कर येत असेल तर किटसाठी थांबू नये. अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे उतरतं, भूक जाते आणि ते तासागणिक वाढतं. या तिन्हींत १०८ ला फोन करावा. तोपर्यंत काही खाऊ-पिऊ नये, कारण ऑपरेशन लागू शकतं. पौडचं ग्रामीण रुग्णालय किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय, जिथे लवकर पोहोचता येईल तिथे जावं.

पोटावरून सोनोग्राफी करताना लघवी साठलेली लागते. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. आतून सोनोग्राफी करायची तर उलट लघवी करून जायचं. ती लग्न न झालेल्या मुलींची सहसा करत नाहीत, आणि कुणाचीही संमतीशिवाय करता येत नाही.

रिपोर्ट हातात आला की घाबरगुंडी उडते ती त्यातल्या शब्दांनी. 'मिनिमल फ्री फ्लुइड' म्हणजे पोटात थोडं पाणी, फॉलिकल फुटल्यावर ते असायचंच. 'कॉर्पस ल्युटियम' म्हणजे बीज सुटून गेल्यावर उरलेली पिशवी, ती पाळीपर्यंत आपोआप विरते. 'सिम्पल सिस्ट' असं लिहिलं आणि माप ५ सेंटिमीटरच्या आत असेल, तर पाळी चालू असलेल्या वयात बहुधा काही करावं लागत नाही. डॉक्टरांनी पुन्हा बघायला सांगितलं तर सहा ते आठ आठवड्यांनी, पाळी संपल्या-संपल्या करावी, मधल्या दिवसांत नाही. तेव्हा नवी फॉलिकल वाढलेली असते आणि तीच पुन्हा गाठ म्हणून दिसायची. माप ५ च्या वर असेल, गाठीत कप्पे किंवा घट्ट भाग लिहिला असेल, किंवा पाळी कायमची गेलेल्या बाईला गाठ निघाली असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच जावं.

सोनोग्राफीलाही मर्यादा आहेत. पीळ पडलेला बीजकोष आणि सुरुवातीचं अपेंडिक्स कधीकधी तिच्यात नीट दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला तरी कळ वाढतच असेल, तर घरी न जाता डॉक्टरांना पुन्हा पोट तपासायला सांगावं.