फोन ‘आयपी६८’ आहे म्हणजे तो समुद्रात नेता येतो का?

जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कारण होतं जाहिराती. २०१६ ते २०१८ या काळात दुकानांमध्ये आणि सोशल मीडियावर झळकलेल्या या जाहिरातींमधून गॅलेक्सी फोन स्विमिंग पूलमध्ये आणि समुद्राच्या पाण्यात वापरता येतात, असं सुचवलं गेलं होतं. प्रत्यक्षात फोन असा भिजला आणि ओला असतानाच चार्जिंगला लावला, तर चार्जिंग पोर्ट गंजण्याचा धोका होता. कंपनीने कोर्टात हे मान्य केलं.

गंमत अशी, की एस७ आणि एस८ सारख्या या फोनवरचं आयपी६८ हे रेटिंग खोटं नव्हतं. मग घोळ कुठे झाला? त्यासाठी हे रेटिंग नेमकं काय सांगतं ते बघावं लागेल.

आयपी ही अक्षरं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०५२९ मधून येतात. हे मानक फक्त मोबाइलसाठी बनलेलं नाही. मोटार, रस्त्यावरचा दिवा, विजेची पेटी अशा कोणत्याही विद्युत उपकरणाचं आवरण बाहेरच्या गोष्टी किती आत येऊ देतं, ते या मानकानुसार मोजतात. त्यातले दोन आकडे वेगवेगळे वाचायचे असतात. पहिला आकडा धूळ आणि इतर घन वस्तूंसाठी असतो, दुसरा पाण्यासाठी. म्हणजे आयपी६८ हे ‘अडुसष्ट’ नाही, तर ‘सहा’ आणि ‘आठ’ आहे. आकड्याच्या जागी एक्स दिसला, उदाहरणार्थ अनेक इयरबड्सवर असतो तसा आयपीएक्स४, तर धुळीबद्दल काहीच दावा केलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. अशा इयरबड्सच्या डबीला बहुतेक वेळा स्वतःचं रेटिंगच नसतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

धुळीची चाचणी बंद पेटीत टाल्कम पावडर उडवून करतात. ६ हा धुळीसाठीचा सर्वांत वरचा आकडा आहे. तो मिळवायचा तर आत पावडर दिसता कामा नये. ५ मिळवायला मात्र थोडी पावडर आत गेली तरी चालते, फक्त उपकरण नीट चाललं पाहिजे. पण ही सगळी तपासणी आवरणाच्या आतली आहे. स्पीकरची जाळी आणि चार्जिंग पोर्टचा खड्डा हे या आवरणाच्या बाहेर येतात. धुळवडीला रंग तिथे बसला आणि आवाज दबला, तरी रेटिंग मोडलं असं होत नाही.

खरा गैरसमज दुसऱ्या आकड्यात आहे. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे. ५ आणि ६ म्हणजे नळीतून मारलेला फवारा. ५ साठी मिनिटाला साडेबारा लिटर पाणी मारतात, ६ साठी जाड नळीतून मिनिटाला १०० लिटर. ७ ला मात्र फवारा नसतोच. तिथे वस्तू एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवतात. ८ म्हणजे ७ पेक्षा कठीण बुडवणूक, पण किती खोल आणि किती वेळ हे मानक ठरवत नाही, कंपनी ठरवते. म्हणून एका आयपी६८ फोनवर दीड मीटर लिहिलेलं असतं आणि आयफोन १२ वर सहा मीटर. वेळ दोन्हीकडे अर्धा तास, रेटिंगही तेच. बॉक्सवरच्या ठळक आकड्यापेक्षा खालची बारीक अक्षरं इथे जास्त कामाची.

आता एक गोष्ट जी फार थोड्यांना माहीत असते. १ ते ६ पर्यंत वरचा आकडा मिळाला की खालचे आपोआप मिळाले असं धरतात. ७ आणि ८ ला हा नियम लागू नाही. संथ पाण्यात बुडून टिकलेली वस्तू जोरदार फवाऱ्यात टिकेलच, असं मानक म्हणत नाही. दोन्ही चाचण्या झाल्या असतील तर आयपीएक्स५/आयपीएक्स७ असं दुहेरी लिहितात. त्यामुळे ज्याच्यावर फक्त आयपी६८ लिहिलंय, तो फोन नळाच्या जोरदार धारेखाली धुतला तर काय होईल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

शिवाय बुडवण्याची चाचणी गोड्या पाण्यात होते, पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात जेमतेम पाच अंशांचा फरक चालतो आणि नमुना नवा, स्वच्छ असतो. यात साबण नाही, क्लोरीन नाही, चहा नाही, गरम पाण्याची वाफ नाही. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि एरवी अडलं असतं तिथून ते आत शिरू शकतं. आणि मीठही नाही.

ऑस्ट्रेलियातल्या प्रकरणाचं मूळ इथेच आहे. समजा, कुणी फोन घेऊन समुद्रात उतरलं. फोनच्या आत थेंबही गेला नाही, आवरणाने आपलं काम चोख केलं. पण चार्जिंग पोर्टच्या खड्ड्यात खारं पाणी राहिलं. रात्री केबल लावली. मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे पोर्टमधल्या धातूच्या पट्ट्यांमध्ये त्या पाण्यातूनच प्रवाह वाहू लागतो आणि पट्ट्या झिजतात, गंजतात. काही दिवसांनी केबल हलवून हलवून चार्जिंग करावं लागतं. फोन चाचणीत पास झालेला असूनही वापरात नापास होतो, तो असा.

दुसरी अडचण वयाची. फोनमधलं पाणी अडवतात ती काचेच्या कडेने लावलेली चिकट पट्टी आणि सिम ट्रेची छोटी रबरी कडी. फोन खाली पडून चौकट किंचित वाकली, उन्हात पट्टी सुटू लागली किंवा स्क्रीन बदलताना जुनी पट्टी तशीच चिकटवली, तर अडवणूक संपते. बाहेरून काही दिसत नाही आणि सेटिंग्जमध्ये रेटिंग कमी झाल्याची सूचनाही येत नाही. स्क्रीन किंवा बॅटरी बदलून घेताना नवी सीलची पट्टी लावणार का, हे दुकानदाराला विचारून घ्या.

आणि वॉरंटी? पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, मग बॉक्सवर ६८ असो. आत पाणी लागलं की पांढऱ्याचं लाल होणारं छोटं स्टिकर बऱ्याच फोनमध्ये, अनेकदा सिमच्या खाचेत, असतं. सर्व्हिस सेंटरवाले आधी तेच बघतात. इटलीच्या स्पर्धा नियामकाने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला एक कोटी युरोचा दंड केला. जाहिरातीत पाण्याचा दावा ठळक होता, पण तो प्रयोगशाळेतल्या संथ, शुद्ध पाण्यापुरता आहे हे नीट सांगितलं नव्हतं आणि वॉरंटी पाण्याचं नुकसान भरून देत नव्हती, असा त्याचा आक्षेप होता.

पावसात फोन भिजला तर घाबरायचं कारण नाही. कोरड्या कापडाने पुसा, पोर्ट खाली धरून हलकेच हातावर आपटा आणि वारा लागेल अशा जागी ठेवा. निदान अर्धा तास केबल लावू नका. फोनने पोर्ट ओला असल्याची सूचना दिली, तर ती जाईपर्यंत थांबा, त्याला कधीकधी पूर्ण दिवसही लागतो. तांदळात पुरू नका, त्यातले बारीक कण पोर्टमध्ये जातात. हेअर ड्रायरची गरम हवा सीललाच त्रास देते. समुद्राचं पाणी किंवा सरबत सांडलं असेल, तर आधी ओल्या कापडाने, साध्या पाण्याने पुसून मग वाळवा, कारण पाणी उडून गेलं तरी मीठ आणि साखर मागे राहतात.