काकू, एवढा फॉल लावून द्याल?

डोंबिवलीत स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर एक जुनी चार मजली इमारत आहे, असं समजू. तिसऱ्या मजल्यावर बावन्न वर्षांच्या एक काकू राहतात. नवरा जाऊन वर्ष झालंय आणि मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवऱ्याची नोकरी खासगी कारखान्यातली. तिथल्या निवृत्तिवेतन योजनेत २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे आणि काकूंना त्याहून थोडंसंच जास्त मिळतं. ही गोष्ट मी रचलेली आहे. पण हातशिलाईचं काम, त्यातले धोके आणि पैसे मागताना जिभेला पडणारी गाठ यांत रचलेलं काही नाही.

इमारतीतल्या बहुतेक बायका सकाळची लोकल पकडतात आणि रात्री आठच्या सुमारास परततात. फॉल-पिकोचं दुकान तेवढ्यात बंद झालेलं असतं. म्हणून पिशवी काकूंच्या दारात येते. "काकू, एवढा फॉल लावून द्याल? शुक्रवारी नेसायचीय." काकूंचा हात बारीक, टाका उलट्या बाजूलाच राहणारा, आणि त्या दिवसभर घरात. त्यामुळे नाही म्हणायला कारणच सापडत नाही. कोणी फॉल आणून देतं, कोणी तोही नाही, आणि दोऱ्याचं रीळ कायम काकूंचंच. काम झालं की वाटीभर खीर येते, दिवाळीला फराळाचं ताट येतं.

मुलीने एक महिनाभर एवढंच केलं, की प्रत्येक पिशवी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत नोंदवली. कोणाची साडी, साधी की रेशमी, कधी हवी आणि किती वेळ गेला. महिना गणपतीच्या आधीचा होता. साड्या झाल्या एकतीस.

लोक आपल्याकडे तीस प्रकारची कामं मागतात, पण त्यातून धंदा सगळ्यांचा होत नाही. याच काकूंकडे गॅसवाला आला तर सिलिंडर घ्यायला सांगतात, पार्सल ठेवायला देतात, मुलाला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायला सांगतात. ती शेजारधर्माची कामं. त्यांना कसब लागत नाही, आणि उद्या काकू नसल्या तर समोरचं कोणीही ती करील. फॉलचं तसं नाही. तो पुन्हा पुन्हा लागतो, ठरलेल्या दिवसाआधी लागतो आणि मागणाऱ्या बाईला स्वतःला जमत नाही किंवा सवड नसते. शिवाय दुकानात याच कामाचे पैसे ती बिनतक्रार मोजते. कालनिर्णयच्या मागच्या नोंदीत हे सगळं दिसत होतं.

आता काम काय असतं ते जवळून पाहू, कारण दर ठरतो तो त्यातूनच. फॉल म्हणजे साधारण अडीच-पावणेतीन मीटर लांब, पाच इंच रुंद सुती पट्टी. साडीच्या खालच्या काठाला आतून लावतात, म्हणजे निऱ्या वजनाने सरळ पडतात आणि काठ चपलेत घासून फाटत नाही. काकू नवी पट्टी आधी पाण्यात भिजवतात, सावलीत वाळवतात आणि इस्त्री करतात. सुती कापड पहिल्या पाण्याला आटतं, साडी मात्र तेवढी आटत नाही. कोरी पट्टी लावली तर पहिल्या धुण्यानंतर काठाला चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. भिजवतानाच ओली पट्टी पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग जातो का तेही कळतं. मरून आणि गडद हिरवा या बाबतीत फार दगा देतात.

मग साडीची खालची बाजू ओळखायची. दोन्ही काठ सारखे असले की इथे चुका होतात. साडीची सुलट बाजू वर ठेवून पदर उजव्या हाताला घेतला, की आपल्याजवळचा काठ तो खालचा. ब्लाउजपीस साडीला जोडलेला असेल, तर तो कुठल्या टोकाला आहे ते पाहून, आणि साडीवालीला विचारूनच, आधी कापायचा. तो आतल्या टोकाला असताना न कापता फॉल लावला, तर अर्धी मेहनत ब्लाउजपिसावर जाते. त्यानंतर आतल्या टोकापासून वीतभर सोडून पट्टी ठेवायची, ती काठाच्या केसभर आत, म्हणजे बाहेरून डोकावत नाही. टाचण्या लावायच्या, कच्चा धावदोरा घालायचा आणि पट्टी कुठेही ताणायची नाही.

साध्या साडीला खालची कड मशीनवर आणि वरची हाताने, असं चालतं. पैठणी किंवा कांजीवरमला दोन्ही कडा हातानेच घालाव्या लागतात, कारण मशीनच्या सुईने जरीची तार तुटते आणि उसवल्यावर भोकांची रांग उरते. हातशिलाईत साडीचा एकेक-दोनदोन धागाच सुईवर घ्यायचा, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नाही. काकूंचं कसब नेमकं हेच होतं, आणि इमारतीतल्या पैठण्या दुकानात न जाता त्यांच्याकडे येत होत्या त्या यामुळेच.

दराचा हिशेब मुलीने मांडला. साधी साडी १२० रुपये, रेशमी २५०, दोन्हींत फॉल आणि पिको धरून. फॉल आणि दोरा यांचे ३० रुपये. पदराच्या आणि आतल्या टोकाच्या कडा सुटू नयेत म्हणून लागणारी पिको काकू कोपऱ्यावरच्या बाईंकडून करून घेत, तिचे २०. म्हणजे साध्या साडीमागे ७० रुपये उरतात आणि रेशमीमागे २००. त्या महिन्यात चोवीस साध्या होत्या आणि सात रेशमी. साध्यांचे १,६८० आणि रेशमींचे १,४००, मिळून ३,०८०. वेळ म्हणाल तर साधीला पन्नास मिनिटं, रेशमीला दोन तास, एकूण चौतीस तास. तासाला नव्वद रुपये पडले.

हा आकडा पाहून काकू खूश झाल्या नाहीत, अवघडल्या. नवरा आजारी असताना पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी सलग डबा पोचवला होता. चौथ्या मजल्यावरच्या मुलाने मध्यरात्री रिक्षा आणली होती. त्यांच्याकडे एकशे वीस रुपये कसे मागायचे? मला वाटतं, घरबसल्या धंद्याचं खरं अवघड ठिकाण हेच आहे. शिलाई येते, गिऱ्हाईक दारात आहे, पण दर सांगायचा तो आपल्या दुःखात उभ्या राहिलेल्या माणसांना. त्यात बाई विधवा असली की दोन्हीकडून अडतं. पैसे मागितले तर "आता फारच व्यवहारी झाली", न मागितले तर "बिचारीचा वेळ तरी जातो". तिच्या वेळेला किंमत नसते असं धरूनच पिशवी दारात ठेवलेली असते.

काकूंनी काढलेला मार्ग मला पटतो. जुन्या पिशव्यांचे पैसे त्यांनी मागितले नाहीत. पितृपक्षात नवी साडी फारशी कोणी काढत नाही, त्या रिकाम्या पंधरवड्यात त्यांनी दर एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावला. नवरात्राची पहिली पिशवी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मी हे काम म्हणून करतेय. फॉल माझाच, भिजवलेला. दर तिथे लिहिलाय, गुरुवारी संध्याकाळी न्या." आलेली बाई क्षणभर गप्प झाली, कागद वाचला आणि म्हणाली, "दुकानात तर मला दोन फेऱ्या पडतात." तोंडाने दर सांगितला असता तर तिथेच घासाघीस सुरू झाली असती. कागदावरचा दर सगळ्यांना सारखा असतो, त्यामुळे कोणाला कमी आणि कोणाला जास्त हा प्रश्नच उरत नाही. सगळ्यांनीच ते मानलं असं नाही. "आपल्यात कसले पैसे?" म्हणणाऱ्या दोघी पुन्हा आल्या नाहीत.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं काम मात्र फुकटच राहिलं. फक्त तेही वहीत येतं. तारीख, साडी, वेळ आणि रकमेच्या जागी शून्य. प्रेमाने दिलेलं किती आणि दर सांगायची लाज वाटली म्हणून सुटलेलं किती, हे वेगळं दिसावं म्हणून. पहिल्या दोन महिन्यांत दुसऱ्या जातीची शून्यंच जास्त होती.

वहीत आणखी एक रकाना आहे. साडी घेतानाच ती बाईसमोर उलगडायची आणि डाग, विरलेली जागा, तुटलेली जर दिसली तर तिथेच लिहायची. एखादी पैठणी काकूंच्या सहा महिन्यांच्या कमाईहून महाग असते. आधीचा डाग आपल्या इस्त्रीचा ठरला तर भरपाई कुठून देणार?

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागली आणि शेजारच्या इमारतीतून नवरीचा शालू आला. मुलीची आजी म्हणाली, शालूला सवाष्णीचाच हात लागावा. हे काकूंना नवं नव्हतं, हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांना वर्षभर आलेलं नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. शहरातल्या जिन्यात मात्र ठराव करणारं कोणी नसतं. इथे निकाल दिला तो नवरीच्या आईने. "आई, जरीला मशीन लावलेलं मला चालणार नाही, आणि हा टाका दुसऱ्या कोणाचा येत नाही." शालू राहिला. असल्या मानाचा पाया कसबावर असावा लागतो, याचं मला वाईट वाटतं. ज्या बाईच्या हातात असं कसब नाही तिच्या वतीने जिन्यात कोण बोलणार?

आता प्रश्न पिकोच्या मशीनचा आहे. जुनं मशीन नऊ हजारांना मिळतंय. महिन्याला एकतीस साड्या धरल्या तर पिकोचे ६२० रुपये वाचतील, म्हणजे पैसे फिटायला जवळजवळ पंधरा महिने. पण गणपतीच्या आधीचा महिना दर महिन्याला येत नाही. आषाढात लग्नं थांबली की साड्या दहा-बारावर येतात. तयार फॉल लावलेल्या साड्याही बाजारात वाढल्या आहेत, आणि रात्री दिव्याखाली रेशमी कड घालताना काकूंचे डोळे दुखतात. मुलगी म्हणते, मशीन घेऊ. काकूंचं म्हणणं वेगळं आहे. समोरच्या चाळीतल्या एका बाईला साध्या साडीची हातशिलाई शिकवायची, साडीमागे तिला चाळीस रुपये द्यायचे, आपण सत्तरातले तीस ठेवायचे आणि मोकळ्या झालेल्या दिवसाच्या उजेडात पैठण्या करायच्या. मशीन पुढच्या लग्नसराईची वही पाहून.